पीजीच्या मालकांना डब्याचं पत्र कसं लिहावं: खाड्याचा परिच्छेद नीट लिहा, बाकीचं जमतं

"पत्र कोण वाचतंय आता? व्हॉट्सअॅपवर मेनू टाक आणि फोन कर," असं मला आजही लोक सांगतात. सांगणाऱ्यांपैकी कुणी पीजीला डबे दिलेले नसतात. फोनवरचं बोलणं मालक संध्याकाळपर्यंत विसरतात. कागद मात्र घरात पडून राहतो, काकूंच्या हाती लागतो, आणि डब्याचा निर्णय बहुतेक घरांत काकूच घेतात. मी जुळे सोलापुरातून डबे देते. पहिलं पत्र चोविसाव्या वर्षी लिहिलं. त्यानंतर स्वतःसाठी आणि गल्लीतल्या तीन-चार मुलींसाठी मिळून डझनभर तरी लिहिली असतील.

अन्न सुरक्षा नोंदणी आणि व्यवसायाचा एकोणीस किलोचा सिलिंडर आधी घेतलेला असणार, हे धरून चालते. नोंदणीचा १४ अंकी क्रमांक पत्राच्या डोक्यावर, तुमच्या नावाखाली लिहा. घरगुती सिलिंडरवर धंदा चालत नाही, आणि मालकांच्या ओळखीत कुणीतरी ते विचारणारा निघतोच.

मायना साधा ठेवा. ओळख नसेल तर 'मा. श्री. अमुक यांस, स.न.वि.वि.'. ओळख असेल तर 'काका-काकूंना सप्रेम नमस्कार'. आपण कोण, कुठे राहतो, सध्या किती डबे देतो, हे दोन वाक्यांत. 'घरगुती, स्वच्छ, रुचकर, आईच्या हाताची चव' यातला एकही शब्द नको. हे सगळेच लिहितात आणि त्यातून काकूंना काहीच कळत नाही. त्याऐवजी आठवड्याचे चौदा वेळांचे पदार्थ लिहा आणि रविवार संध्याकाळपुढे 'सुट्टी' असं स्पष्ट लिहा. सोमवारी मटकीची उसळ, ज्वारीची भाकरी, आमटी, भात, शेंगाची चटणी, असं. आपल्याकडे मुलगा धाराशिवचा असो की अक्कलकोटचा, शेंगाची चटणी रोज आहे म्हटलं की अर्धी बोलणी होतात.

एक गोष्ट लक्षात ठेवा. पत्र ज्यांना लिहिताय ते तुमचं जेवण जेवणार नाहीत. त्यांची चिंता वेगळी असते. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, साठवून वापरावं लागतं. अठरा मुलांनी रोज दोनदा तेलकट डबे बेसिनमध्ये धुतले तर टाकी रिकामी आणि पाइप तुंबलेला. म्हणून पत्रात लिहा: 'प्रत्येकाचे दोन डबे राहतील. भरलेला देताना रिकामा, न धुतलेला परत नेईन.' एका काकूंनी माझ्या पत्रातल्या याच ओळीवर बोट ठेवून "हे लेखी आहे ना?" असं विचारलं होतं. मेनूकडे त्यांनी बघितलंही नव्हतं.

उन्हाळ्यासाठीही एक ओळ हवी. एप्रिल-मेमध्ये बारा वाजता पोचवलेली आमटी खोलीत चार वाजेपर्यंत राहिली की विटते आणि दोष डब्यावर येतो. 'दुपारचा डबा दोनच्या आत खावा, उरलेला रात्रीसाठी ठेवू नये,' एवढं पुरे.

आता खाडा. ज्या वेळी मुलगा जेवत नाही ती वेळ म्हणजे खाडा, हे मेसवाल्यांना सांगायला नको. पण पत्रात तो कसा लिहायचा, यात मी दोनदा सपाटून मार खाल्ला.

पहिल्या पत्रात मी मोठ्या मनाने लिहिलं होतं, 'जेवण न घेतल्यास त्या वेळेचे पैसे आकारले जाणार नाहीत.' वाचायला छान वाटतं. त्या पीजीत अठरा मुलं होती. तेव्हा एका वेळेला ४० रुपये दर होता. रविवारची संध्याकाळ बंद, त्यामुळे महिन्याला धरून ५६ वेळा, म्हणजे मुलामागे २,२४० आणि सगळ्यांचे ४०,३२०. एका डब्याचं सामान २४ रुपयांचं होतं. सगळे डबे भरले तर सामान २४,१९२, पोळ्या-भाकरीच्या मावशींचे ६,००० आणि गॅस-पेट्रोलचे ४,५००. हाती ५,६२८ उरायला हवे होते.

उरले नाहीत. अठरातली अकरा मुलं बार्शी, पंढरपूर, मंगळवेढा अशा जवळच्या गावांची. शुक्रवारी संध्याकाळी एसटीत बसायची ती सोमवारी सकाळी परत. आठवड्याला चार खाडे, महिन्याला सोळा, अकरा मुलांचे मिळून १७६. तेवढ्यांचे ७,०४० रुपये कापावे लागले. पण स्वयंपाक तर झालेलाच होता, कारण कुणी सांगून जात नव्हतं. शनिवारी भरलेले डबे तसेच परत यायचे, तेव्हा मला कळायचं. महिन्याच्या शेवटी १,४१२ रुपये पदरचे गेले. रोज पहाटे पाचला उठून.

मग चिडून दुसऱ्या पीजीच्या पत्रात लिहिलं, 'खाडा मिळणार नाही.' ते काम मिळालंच नाही. काकांनी पत्र परत देताना एवढंच म्हटलं, "ताई, पोरं दर शनिवारी गावाला जातात. न जेवलेल्या जेवणाचे पैसे बापाकडं कसे मागायचे त्यांनी?" बरोबर होतं त्यांचं.

जमलेली रीत अशी. खाड्याची सूट डब्याच्या दराएवढी द्यायची नाही, सामानाच्या खर्चाएवढी द्यायची, आणि तीही आधी सांगितलं तरच. मावशी आणि गॅस मुलगा गावाला गेला म्हणून थोडेच स्वस्त होतात? वाचतं ते फक्त सामान, तेवढं परत करायचं. वरचाच हिशोब पुन्हा करा. १७६ खाड्यांचे २४ प्रमाणे ४,२२४ रुपये परत गेले, पण तेवढंच सामान शिजलं नाही. माझे ५,६२८ जिथल्या तिथे. मुलाचं बिल २,२४० वरून १,८५६ वर आलं, त्यालाही काही मिळालं.

म्हणून पत्र लिहायच्या आधी तुमचा सामानाचा आकडा तुम्हाला माहीत पाहिजे. अंदाज नको. एक आठवडा सगळं वजन करून काढा. किलोभर ज्वारीच्या पिठात माझ्या बाराएक भाकऱ्या होतात, किलोभर कणकेत तीसेक पोळ्या. तुमच्या हाताचं माप वेगळं असेल. तेल आणि शेंगदाणे मोजायला विसरू नका, माझा पहिला आकडा त्यामुळेच चार रुपयांनी चुकला होता.

दुसरी अट, सलग चार वेळांपेक्षा कमी खाडा धरायचा नाही. एखादा दुपारी बाहेर वडापाव खाऊन आला तर तो खाडा नव्हे. चारची अट अशासाठी की शुक्रवार रात्र ते रविवार दुपार बरोबर चार वेळा होतात, म्हणजे गावाला जाणाऱ्या मुलावर अन्याय होत नाही. तिसरी अट, आदल्या दिवशी रात्री आठपर्यंत लेखी. नऊला मी मटकी भिजवते, नंतर कळून उपयोग नाही.

लेखी म्हणजे ग्रुपवर, हे पत्रातच लिहा. सुरुवातीला मी ते लिहिलं नव्हतं. महिन्याच्या एक तारखेला मुलगा गेटवर उभा, "ताई, मी मावशींना सांगितलं होतं." मावशींना आठवत नाही, मुलगा खोटं बोलत नसावा, आणि खिडकीतून काकू बघतायत. शेवटी काकूच म्हणाल्या, "मी वही ठेवते." ठेवूही दिली. पुढच्या महिन्यात वहीत आणि माझ्या हिशोबात अकरा खाड्यांचा फरक, आणि भांडण आता मुलाशी नाही, मालकिणीशी. मालकांकडे हिशोब कधीही देऊ नका, त्यांनी आपणहून मागितला तरी.

आजारी मुलाला मात्र अट लावू नका. मऊ भात आणि ताक पाठवा. हे पत्रात लिहायची गरज नाही.

तो परिच्छेद मी आता असा लिहिते. आकडे तुमचे घाला:

'मासिक दर रु. २,२४० (रविवार संध्याकाळ बंद, एकूण ५६ वेळा). मुलगा गावी जाणार असल्यास आदल्या दिवशी रात्री ८ पर्यंत डब्याच्या ग्रुपवर कळवावे. सलग चार किंवा अधिक वेळांसाठी प्रत्येक वेळेस रु. २४ प्रमाणे सूट मिळेल. तोंडी निरोप धरला जाणार नाही. दिवाळी व परीक्षेनंतरच्या सुट्टीत डबा बंद राहील, त्या महिन्याचे पैसे दिलेल्या वेळांपुरतेच घेतले जातील. पैसे व हिशोब मी मुलांकडून थेट पाहीन, आपणांस त्याचा त्रास होणार नाही.'

शेवटचं वाक्य गाळू नका. मालकांना यातून कळतं की वसुली त्यांच्या गळ्यात पडत नाही. काहीजण तरीही विचारतील, "मग आमचं काय?" म्हणजे कमिशन. पत्रात त्याचा उल्लेखही करू नका. समोर बोलणं निघालंच तर घरच्या एका माणसाचा डबा फुकट द्या. मुलामागे टक्का द्यायला लागलात की तो भाजीतून निघतो आणि मुलांना आठवड्यात कळतं.

वेळा लिहा: दुपारी सव्वाबारा, रात्री आठ. खाली बारीक अक्षरात, संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीमुळे रस्ते बंद असतील त्या दिवशी उशीर होईल, हेही. दरवर्षी एक तरी नवा मुलगा तेव्हा फोन करून ओरडतो.

समारोपाला 'आपली विश्वासू', सही, मोबाईल नंबर. पत्र एका पानाचंच, हाताने लिहिलेलं असेल तर उत्तम, छापलेलं असलं तरी चालेल.

द्यायला सकाळी जाऊ नका, तेव्हा पाणी भरायची घाई असते. दुपारी चारनंतर जा, आणि पत्रासोबत एक भरलेला डबा न्या. डबा रिकामा आणायला दुसऱ्या दिवशी त्याच वेळी परत जायचं, तेव्हा उत्तर मिळतं. मागच्या जूनमध्ये विजापूर रोडवरच्या एका काकूंनी मला डबा घासून, वर पालथा करून दिला आणि विचारलं, "भाकरी थोडी पातळ होईल का? आणि सोमवारपासून बारा डबे."