कॅलरीमीटरच्या प्रयोगात ± कसा काढायचा आणि जर्नलमध्ये कसा लिहायचा

उदासिनीकरणाची उष्णता काढायचा प्रयोग दोन टप्प्यांचा असतो. आधी गरम आणि गार पाणी मिसळून कॅलरीमीटरची स्वतःची उष्णताधारकता C काढायची, मग त्याच भांड्यात आम्ल आणि अल्कली मिसळायचे. वाचनं घेणं कुणालाही जमतं. घोळ होतो तो पहिल्या टप्प्यातली अनिश्चितता दुसऱ्यात नेताना.

थर्मामीटर ०.१ अंशाचा, म्हणून प्रत्येक वाचनाला ±०.१ धरा. वजनकाट्याची चूक इतकी बारीक असते की ती सोडून दिली तरी चालेल. गार पाणी माठातलं घ्या. सोलापुरात एप्रिलमध्ये टाकीचं पाणी गार म्हणून वापरलंत, तर तापमानातला फरक आक्रसतो आणि C ची वाट लागते.

आता आकडे घेऊ. गार पाणी १०० ग्रॅम, ३०.० अंश. गरम पाणी १०० ग्रॅम, ५०.० अंश. मिश्रण ३९.५ वर स्थिरावलं. सूत्र असं:

```
C = m s [ (Th − Tm) / (Tm − Tc) − 1 ]
```

पाण्याची विशिष्ट उष्णता ४.१८ धरली की C येतो ४४ ज्यूल प्रति अंश.

इथे बहुतेकजण ‘गमावलेली उष्णता’ आणि ‘मिळवलेली उष्णता’ यांच्या चुका वेगवेगळ्या काढून जोडतात. असं करू नका. मिश्रणाचं तापमान दोन्हींत आहे. ते थोडं जास्त वाचलं गेलं, तर गमावलेली उष्णता कमी दिसते आणि मिळवलेली जास्त, म्हणजे एकाच वाचनाचा फटका दोनदा बसतो. वेगवेगळ्या जोडल्या की ±९ येतं आणि आपण खूश होतो. खरं उत्तर त्याहून वाईट आहे.

अवकलन येत नसेल तरी अडत नाही. एकेक वाचन ०.१ ने सरकवा, बाकीची जागेवर ठेवा आणि C पुन्हा काढा. गरम पाणी ५०.१ केलं तर C ४.४ ने हलतो, गार ३०.१ केलं तर ४.९ ने, आणि मिश्रण ३९.६ केलं तर तब्बल ९.२ ने. या तिघांचे वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ घ्या: ११. म्हणजे C = ४४ ± ११. जवळपास २६ टक्के!

हा आकडा बघून मी स्वतः एकदा गडबडलो होतो. २६ टक्के उचलून पुढच्या टक्क्यांमध्ये मिसळले आणि अंतिम उत्तरापुढे ±१५ किलोज्यूल लिहून मोकळा झालो. तोंडी परीक्षेत एक्स्टर्नलनी एवढंच विचारलं, “अहो, एवढी उष्णता भांड्यात जाते का?” मला उत्तर सुचलं नाही.

जात नाही, हेच उत्तर. दुसऱ्या टप्प्यात २०० मिली द्रावणाचे ८३६ आणि भांड्याचे ४४ अशी बेरीज होते: ८८०. बेरजेत टक्के चालत नाहीत, नुसता ±११ चालतो. तो ८८० चा सव्वा टक्काच आहे. टक्के वापरायचे ते गुणाकार-भागाकाराला. ही एक ओळ वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

एक मोलरचं आम्ल आणि अल्कली, प्रत्येकी १०० मिली, तापमान ६.४ अंशांनी चढलं. उष्णता ५६३२ ज्यूल, मोल ०.१००, म्हणून −५६.३ किलोज्यूल प्रति मोल. आता गुणाकार-भागाकार असल्यामुळे टक्के: तापमानवाढीचे २.२ (दोन वाचनं, म्हणून ±०.१४), उष्णताधारकतेचे १.३, मोजपात्रामुळे मोलचा १. वर्ग, बेरीज, वर्गमूळ: २.७ टक्के. उत्तर −५६.३ ± १.५. पुढे आणखी दशांश लिहू नका, कॅल्क्युलेटर दाखवत असला तरी.

जर्नलमध्ये एक तक्ता पुरे: राशी, किंमत, ±, टक्के. त्याखाली चुकीचा सर्वांत मोठा वाटा कुणाचा ते लिहा. इथे टक्क्यांच्या वर्गांत दोन तृतीयांश वाटा तापमानवाढीचा आहे. मग ‘अधिक अचूक काटा हवा’ असं लिहिणं हास्यास्पद ठरतं. ‘मानवी चूक’ हे शब्द तर मी बघताक्षणी खोडतो, कारण त्यातून काहीच कळत नाही.

गरम पाणी ओतताना निसटलेली उष्णता, किंवा मिठाच्या द्रावणाची विशिष्ट उष्णता पाण्याइतकीच धरणं, हे ± मध्ये कोंबायचं नाही. या चुका एकाच दिशेला ओढतात. त्या वेगळ्या परिच्छेदात लिहा आणि उत्तर त्यामुळे वाढलं की घटलं तेही सांगा. द्रावणाची विशिष्ट उष्णता खरी थोडी कमी असते, म्हणजे ४.१८ धरल्याने आपलं उत्तर फुगतं.

सुधारणा सुचवायची तर हिशेबातूनच येऊ द्या: दोन मोलरची द्रावणं घेतली तर तापमान साधारण दुप्पट चढेल आणि २.२ टक्क्यांचे १.१ होतील.