स्टायलस भलतीकडे उमटतोय? नवा पेन मागवण्याआधी या चुका टाळा

भाचीच्या टॅबवर पेन टेकवला की रेघ चार-पाच मिलिमीटर डावीकडे उमटायची. तिने नवा पेन मागवला, पण तोही तसाच चालला. पहिली चूक हीच. पेन बदलण्याआधी बिघाड कुठे आहे ते बघावं.

त्यासाठी पट्टी ठेवून स्क्रीनभर तिरक्या रेघा सावकाश ओढा. रेघ सगळीकडे सारखीच सरकत असेल तर कॅलिब्रेशन, म्हणजे पेनचं टोक आणि रेघ यांच्या जागेचा मेळ, बिघडलेलं असतं. एकाच कोपऱ्यात वाकत असेल तर कॅलिब्रेशनच्या नादी लागू नका. भाचीची रेघ फक्त उजव्या कडेला वाकत होती. कव्हर काढलं आणि ती सरळ झाली. कव्हरमध्ये चुंबक होतं. सॅमसंगच्या एस पेनसारखे पेन टॅबमधल्या चुंबकीय क्षेत्रावरच चालतात, त्यामुळे चुंबक जवळ आलं की त्यांचा हिशेब चुकतो.

दुसरी चूक बॅटरीची. एस पेनला लिहिण्यासाठी चार्जिंग लागतच नाही. काही मॉडेलांत ते असतं, पण बटणाच्या रिमोट कामांपुरतं. म्हणजे तो लिहीत नसेल तर दोष ब्लूटूथच्या पेअरिंगला देऊ नका. ॲपल पेन्सिलचं उलट आहे. ती चार्ज आणि पेअर झालेलीच हवी. आधी अर्धा तास चार्जिंगला लावा. तरी चालली नाही तर Settings मधल्या Bluetooth मध्ये जाऊन Forget This Device करा, आयपॅड रीस्टार्ट करा आणि पुन्हा जोडा. मात्र महिनोन्महिने ड्रॉवरमध्ये पडून राहिलेल्या पेन्सिलची बॅटरी कायमची मेलेली असू शकते.

निब तपासायला लोक विसरतात. ॲपल पेन्सिलची निब आट्यांची असते आणि ती सैल झाली तरी रेघा तुटतात. घड्याळाच्या दिशेने हाताने घट्ट करा, पक्कड नको. एस पेन स्क्रीनच्या किंचित वर धरा. ठिपका दिसतो पण टेकवल्यावर रेघ येत नाही, तर निब झिजून आखूड झाली असावी. न टेकवताच रेघ येत असेल तर निब आत अडकली आहे. चिमट्याने ओढून नवी बसवा.

ठिपकाच दिसत नसेल तर त्याच जातीचा दुसरा, चालू असलेला पेन लावून बघा. तोही मुका राहिला तर संशय डिजिटायझरवर, म्हणजे पेन ओळखणाऱ्या थरावर. बोटाचा टच चालतो म्हणजे स्क्रीन ठीक, असं समजू नका. एस पेनच्या टॅबमध्ये पेनचा थर वेगळा असतो, डिस्प्लेच्या मागे. स्वस्तातली स्क्रीन बसवताना तो थर बसवायचाच राहतो किंवा त्याची केबल नीट बसत नाही. म्हणून स्क्रीन बदलून घेतल्यावर दुकानातच, पैसे देण्याआधी, चारही कोपऱ्यांत पेनने लिहून बघा.