चौघांचा एक फ्रिज आणि रात्रीचा भात

गॅस, तवा, लायटर, चहाचं पातेलं या गोष्टी कुणी ना कुणी घेऊन येतंच, त्यांची यादी करत बसत नाही. चौघांनी मिळून फ्लॅट घेतलाय आणि घरी स्वयंपाक करायचा ठरलाय, तर पहिली खरेदी एका पसरट, घट्ट झाकणाच्या डब्याची करा. उरलेल्या भातासाठी. मागच्या फ्लॅटवर आमच्याकडे मिक्सर दोन होते, कढया तीन होत्या, हा एक डबा नव्हता. त्यापायी पोटं बिघडली ती बिघडली, वर दोघांचं बोलणं बंद झालं.

रात्री दहाला भात झाला, तिघं जेवले. चौथा शेवटच्या लोकलने येणार म्हणून भात कुकरमध्येच, झाकण लावून ओट्यावर ठेवला. तो बाहेर खाऊन आला आणि सरळ झोपला. सकाळी सातला त्याच भाताला कांदा-मिरचीची फोडणी पडली, दोघांनी खाल्ला आणि साडेनऊच्या आत दोघंही ओकत होते, एक घरी, दुसरा दादरच्या पुलावर. खापर फुटलं ते फ्रिजमधल्या बोंबलांवर, कारण वास त्यांचा येत होता. बोंबील अजून शिजलेसुद्धा नव्हते! पण ज्याचे बोंबील त्याला नको नको ते ऐकावं लागलं.

भाताला वास नव्हता, चव नेहमीची होती, म्हणून त्याच्यावर संशय जात नाही. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात आणि साध्या शिजवण्यात ते मरत नाहीत. कुकरच्या शिट्ट्यांनी बरेचसे गेले असं धरलं, तरी डावातून, हातातून नवे येतातच. भात कोमट झाला की ते रुजतात. 30 अंशांच्या आसपास त्यांची वाढ जोरात होते, म्हणजे मुंबईतल्या बंद स्वयंपाकघरातली कुठलीही रात्र. वाढताना त्यांतले काही प्रकार एक विष सोडतात, आणि ते 121 अंशांनाही टिकतं. फोडणीत जंतू मरतील, विष तसंच राहील. ‘चांगला खमंग परतला होता रे’ हे मला सांगू नका. या विषाने उलट्या साधारण अर्ध्या ते सहा तासांत सुरू होतात, म्हणून नाश्त्यानंतर लगेच कुणी ओकायला लागलं तर भांडायच्या आधी एवढं विचारा, की रात्रीचा भात कुठे होता.

डबा पसरटच घ्या. उभ्या डब्यात मधला भात बराच वेळ कोमट राहतो, आणि झाकण लावलेला कुकर तर ऊब धरून बसतो, तो सगळ्यात वाईट. शेवटचं ताट उचललं की उरलेला भात परातीत दोन बोटं जाडीचा पसरायचा, पंख्याखाली वीसेक मिनिटं ठेवायचा, वाफ गेली की डब्यात आणि डबा फ्रिजमध्ये. शिजल्यापासून तासाभरात हे उरकलं तर उत्तम. दोन तास ही शेवटची हद्द, आणि मे महिन्यात किंवा ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात तीही नको. कोमट डब्याने फ्रिज बिघडत नाही. उकळतं पातेलं आत ढकलू नका म्हणजे झालं. दुसऱ्या दिवशी हवा तेवढाच काढून वाफ निघेपर्यंत गरम करा, उरलेला परत आत ठेवू नका. त्याच दिवशी संपला नाही तर टाका. अन्नाला नमस्कार करून टाका, पण टाका.

उशिरा येणाऱ्यासाठी ‘बाहेर काढून ठेवलाय’ हे प्रेम बंद. त्याचा वाटा वेगळ्या छोट्या डब्यात, फ्रिजमध्ये. आल्यावर त्याने गरम करावा. भात कोण उचलणार हे पहिल्याच दिवशी ठरवा: जो शेवटचा जेवला तो. भांडी घासायची पाळी कुणाची, याचा याच्याशी संबंध नाही. आमच्याकडे हे दोन्ही एकत्र केलं होतं, मग ‘आज माझी पाळी नाही’ म्हणत तिघंही उठून गेले.

आणि डब्याला जागा. डबा आणलात पण आत कोल्ड्रिंकच्या बाटल्या, कुणाच्या आईने पाठवलेल्या लोणच्याच्या बरण्या आणि अर्धा कलिंगड असेल, तर भात पुन्हा ओट्यावरच राहणार. मधल्या खणात एका डब्याइतकी जागा कायम रिकामी, तिथे काही दिसलं तर विचारायचं नाही, उचलून बाहेर. फ्रिज गच्च भरला की गार हवा फिरत नाही, हेही आहेच. आतलं तापमान 5 अंश किंवा कमी हवं. रात्रभर आत ठेवलेल्या पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर बुडवून सकाळी बघा. तापाचा चालत नाही, फ्रिजचा वेगळा मिळतो. फ्रीझरला बर्फाची भिंत चढली असेल तर डीफ्रॉस्ट करा, नुसता आकडा वाढवून उपयोग नाही.

कच्ची मासळी आणि चिकन. सिंगल डोअर फ्रिजमध्ये फ्रीझरखाली एक ट्रे असतो, सगळे पिशवी तिथे कोंबतात. ती काळी पिशवी गळते आणि पाणी खालच्या पनीरवर, चिरलेल्या काकडीवर. तेव्हा आल्याबरोबर स्टीलच्या झाकणाच्या डब्यात, आणि डबा भाजीच्या ट्रेवरच्या सगळ्यात खालच्या खणात. आज करायचं नसेल तर फ्रीझरमध्ये, डब्यातच. धुताना नळ बारीक ठेवा, शिंतोडे उडवू नका, नंतर सिंक साबणाने घासा. कुणी शाकाहारी असेल तर कुठला खण, कुठला तवा, कुठली सुरी, हे डिपॉझिट भरायच्या आधी बोला. नंतर बोललेलं टोमण्यासारखं ऐकू येतं.

भांड्यांचं फार सांगत नाही. कच्च्या मांसाला पाट वेगळा, घासण्या दोन, आणि घासणी पिळून उभी वाळवायची, साबणाच्या पाण्यात बुडवून नाही. ओटा पुसायचं फडकं रोज धुवा. रात्री खरकटं तसंच ठेवलंत तर झुरळं येणार, मावशी सकाळी येतात हे झुरळांना माहीत नसतं.

डब्यांवर नाव आणि तारीख. कागदी टेप आणि मार्कर फ्रिजवरच ठेवा, नाहीतर कुणी लिहीत नाही. नाव नसलेलं रविवारी बाहेर. सकाळी शेगड्या दोन आणि माणसं चार, वेळा वाटून घ्या. आणि भात! आठवडाभर सगळं नीट चालतं आणि शनिवारी पाहुणे आले की कुकर पुन्हा ओट्यावर राहतो.

कुणाला उलट्या-जुलाब झाले तर ते थांबून 48 तास होईपर्यंत त्याने इतरांसाठी काही करू नये, चहासुद्धा नाही. ओआरएस घरात ठेवा. शौचात रक्त, जास्त ताप किंवा पाणीही टिकत नसेल तर डॉक्टर, लगेच.

गणपतीला सगळेच गावी जाणार असाल तर फ्रिज रिकामा करून बंद करा आणि दारात जाड फडकं अडकवून फट ठेवा, नाहीतर आत बुरशी धरते.