फोन मांडवातल्या मशीनला जोडताना आवाज फाटू नये म्हणून

फोनवरची सनई कर्ण्यातून फाटकी आली की सगळे कर्ण्यालाच दोष देतात. पण बहुतेक वेळा चूक असते ती वायर कुठल्या सॉकेटमध्ये घातली याची.

आधी मशीनच्या, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे बघा. ‘ऑक्स’ असं लिहिलेलं आरसीए सॉकेट शोधा, फोनची जागा तीच. वायर घ्यायची ती एका टोकाला 3.5 मिमी स्टिरिओ पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन आरसीए पिना असलेली. फोनला हेडफोनचं भोक नसेल तर टाइप-सी कन्व्हर्टर लागेल. तो आदल्या दिवशीच त्याच फोनवर लावून बघा, कारण प्रत्येक कन्व्हर्टर प्रत्येक फोनला चालत नाही.

माइकच्या सॉकेटमध्ये फोन घालू नका. माइककडून येतात जेमतेम काही मिलिव्होल्ट, आणि फोन पूर्ण आवाजावर अर्धा व्होल्ट किंवा त्याहूनही जास्त देतो. साध्या मशीनमध्ये हा जोर आवाजाच्या बटणापर्यंत पोचण्याआधीच आवाज फाटलेला असतो. मग बटण कमी केलं तरी आवाज फक्त लहान होतो, फाटलेलाच राहतो.

हॉलमध्ये मिक्सर असेल तर वेगळाच घोळ होतो. माझ्या मावसबहिणीच्या लग्नात मंगलाष्टकांचं रेकॉर्डिंग लावलं, तर पेटी पोकळ वाजत होती आणि गाणाऱ्या बाईंचा आवाज गायब! दोन्ही टोकांना स्टिरिओ पिन असलेली वायर मिक्सरच्या बॅलन्स्ड सॉकेटमध्ये गेली होती. असं सॉकेट डाव्यातून उजवा आवाज वजा करतं, आणि गायकाचा आवाज सहसा दोन्हीकडे सारखाच असल्यामुळे नेमका तोच पुसला जातो. अशा ठिकाणी 3.5 मिमीमधून 6.3 मिमीच्या दोन मोनो पिना निघणारी वायर लागते, आणि प्रत्येक पिनेला वेगळा चॅनेल. आम्हाला अशी वायर साउंडवाल्या दादांच्या पेटीत मिळाली.

जोडताना मशीनचा आवाज शून्यावर ठेवा, नाहीतर पिन घालताच कर्ण्यातून धाडकन आवाज येतो. फोनमधलं इक्वलायझर आणि बेस बूस्ट बंद करा. फोनचा आवाज साधारण ऐंशी टक्क्यांवर न्या, गाण्यातला सगळ्यात जोरदार भाग लावा आणि मगच मशीनचं बटण हळूहळू वाढवा.

तरीही फाटत असेल तर फोनचा आवाज थोडा कमी करून मशीनचा तेवढाच वाढवा. आवाज स्वच्छ झाला, तर फोनकडूनच जास्त जोर येत होता. नाही झाला, तर मशीन किंवा कर्ण्याची ताकद संपली आहे, तिथे मशीनचा आवाजच कमी करावा लागतो.

सलग घरघर येत असेल तर आधी चार्जर काढा, बऱ्याचदा ती तिथेच थांबते. म्हणून फोन घरूनच पूर्ण चार्ज करून आणा. गाणी आधीच उतरवून घ्या आणि फ्लाइट मोड लावा, म्हणजे ऐन अक्षता पडताना कुणाच्या फोनची रिंग मांडवभर वाजणार नाही.