पुण्यात भाड्याने फ्लॅट शोधताय? ॲपवरच्या या चुका टाळा

वाकडला फर्निश्ड टू बीएचके, भाडं १६ हजार, डिपॉझिट ३० हजार. त्याच सोसायटीतले बाकीचे टू बीएचके त्याच ॲपवर २८ ते ३२ हजारांना दिसतायत. इथेच थांबायला हवं, पण हिंजवडीत सोमवारी जॉइन व्हायचं असलेला मुलगा थांबत नाही. "नशीब निघालं" म्हणतो आणि नंबर फिरवतो.

पुढची गोष्ट दरवेळी जवळपास तीच असते, म्हणून सविस्तर सांगतो. पलीकडचा माणूस म्हणतो, "मी सैन्यात आहे, पोस्टिंग श्रीनगरला झालं, फॅमिली गावी पाठवली, फ्लॅट रिकामा आहे." लगेच व्हॉट्सॲपवर गणवेशातला फोटो, कँटीन कार्ड आणि आधार येतं. जवानच का? कारण त्यामुळे तो स्वतः फ्लॅटवर का येऊ शकत नाही याचं उत्तर आपोआप मिळतं आणि फौजी माणसावर शंका घ्यायला आपल्याला लाज वाटते. कार्डं खरी असतीलही, पण ती दुसऱ्या कोणाची तरी चोरलेली असतात.

मग मुद्दा येतो: "आमच्या सोसायटीत व्हिजिटसाठी गेट पास काढावा लागतो, २,४९९ रुपये. रिफंडेबल आहे, भाड्यात वळते करू." पैसे गेले की सांगितलं जातं की पास अडकलाय, पाच हजारांचा व्यवहार केला तरच सिस्टिम उघडेल. तेही गेले की "रिफंड"साठी क्यूआर कोड येतो. स्कॅन करा, पिन टाका, पैसे परत येतील म्हणे. प्रत्यक्षात येत काहीच नाही, खात्यातून आणखी जातात.

दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. यूपीआय पिन फक्त पैसे पाठवायला किंवा बॅलन्स बघायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही. आणि गेट पास विकत मिळत नाही. गेटवर सिक्युरिटीवाला तुमची नोंद करतो आणि मालकाला विचारतो, किंवा मालकाने ॲपमधून पाठवलेला कोड तुम्ही दाखवता. यात पैशाचा संबंध कुठेच नाही. पिन टाकण्याआधी स्क्रीनवर येणारं नाव वाचा. बोलणारा म्हणतो एक आणि वर नाव भलत्याचंच, असं दिसलं की फोन ठेवा.

माझा नियम साधा आहे: फ्लॅटमध्ये पाय ठेवल्याशिवाय एक रुपयाही नाही, अगदी "होल्ड करून ठेवतो" म्हणाले तरी. हातातून फ्लॅट गेला तर जाऊ दे. पैसे गेलेच असतील तर ताबडतोब १९३० ला फोन करा. व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर जवळ ठेवा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. इथे प्रत्येक तास महत्त्वाचा असतो, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फिरायच्या आत गोठवले तरच परत मिळायची शक्यता असते. लाजेखातर दोन दिवस कोणालाच न सांगणं ही वेगळी चूक.

दुसरी चूक जरा हुशार लोक करतात. फ्लॅट खरा, किल्ली हातात, दाखवणारा माणूस समोर. म्हणून निर्धास्त होतात. पण दाखवणारा मालक आहे हे किल्लीवरून ठरत नाही. फ्लॅट भाड्याने घ्यायचा, मालक म्हणून तोच चार-पाच जणांना दाखवायचा, प्रत्येकाकडून डिपॉझिट घ्यायचं आणि गायब व्हायचं, असा हा प्रकार आहे.

उपाय कंटाळवाणा आहे पण अर्ध्या तासाचा आहे. मालकाकडून इंडेक्स टूची, म्हणजे फ्लॅटच्या खरेदीच्या नोंदणीच्या उताऱ्याची, प्रत मागा. त्यावर खरेदीदाराचं नाव, दस्त क्रमांक, वर्ष आणि दुय्यम निबंधक कार्यालय असतं. हीच माहिती igrmaharashtra.gov.in वरच्या ई-सर्चमध्ये घालून जुळवा. अगदी जुन्या खरेदीचा दस्त कधीकधी ऑनलाइन सापडत नाही, तेव्हा महापालिकेच्या मिळकत कराची पावती आणि सोसायटीचं मेंटेनन्स बिल बघा. नुसत्या लाइट बिलावर जाऊ नका, नव्या इमारतीत ते बिल्डरच्या नावावर असू शकतं. सगळ्यात सोपं म्हणजे सोसायटीच्या ऑफिसात जाऊन "अमुक फ्लॅट कोणाच्या नावावर आहे?" असं विचारा. खऱ्या मालकाला या चौकशीचा राग येत नाही.

लिव्ह अँड लायसन्स करार करताना ऑनलाइन नोंदणीत दोघांचे अंगठे आधारशी जुळवले जातात. याने माणूस कोण ते कळतं, फ्लॅट त्याचा आहे का ते नाही. त्यामुळे इंडेक्स टूवरचं नाव आणि अंगठा देणाऱ्याचं नाव एकच हवं. मुलगा, भाऊ किंवा मेहुणा सही करणार असेल तर पॉवर ऑफ ॲटर्नी बघा.

"अकरा महिन्यांचाच आहे, नोटरी करून टाकू" हे ऐकलंत तर नाही म्हणा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेलाच लागतो, मग तो कितीही महिन्यांचा असो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. खर्चही फार नाही. भाडं २४ हजार, डिपॉझिट ७५ हजार आणि मुदत ११ महिने धरली तर मुद्रांक शुल्क सातशेच्या आसपास येतं, शहरात नोंदणी शुल्क १,००० रुपये. घरी येऊन अंगठे घेणारा एजंट स्वतःचे वेगळे लावतो, ते आधी ठरवा.

आता ब्रोकरेज. "ओनर"चा फिल्टर लावला की ब्रोकर गेले असं समजणं भाबडेपणाचं आहे. मालकाच्या नावाने टाकलेल्या जाहिरातीमागेही ब्रोकर असतो आणि फ्लॅट बघून झाल्यावर "एक महिन्याचं भाडं आपलं" असं सांगतो. ओळखायचं कसं? फोनवर विचारा: मेंटेनन्स किती, पार्किंग नंबर कोणता, उन्हाळ्यात टँकर येतो का? मालक पटकन सांगतो. ब्रोकर उलट तुम्हालाच विचारतो, "बजेट काय, बॅचलर का फॅमिली?" आणि तो फ्लॅट "कालच गेला" म्हणून दुसरे तीन दाखवतो. तोच नंबर पाच जाहिरातींत दिसला तर विषय संपला.

ब्रोकर घेणं पाप नाही. घाईत असाल तर घ्या, पण बघायला जायच्या आधी मेसेजवर विचारा, "ब्रोकरेज किती, कधी द्यायचं?" आणि करार नोंदवून किल्ली मिळाल्यावरच द्या. नुसतं फ्लॅट दाखवायचे पाचशे मागणाऱ्याबरोबर गाडीवर बसूसुद्धा नका.

बाकीच्या चुका एकेका ओळीच्या. फोटो गूगल लेन्सवर टाकून न बघणं: तोच हॉल दुसऱ्या शहराच्या जाहिरातीत सापडतो. फ्लॅट फक्त रविवारी दुपारी बघणं: हिंजवडीच्या रस्त्याचा खरा वेळ सोमवारी सकाळी नऊला कळतो. डिपॉझिट रोख देणं: बँकेतूनच, करारात असलेल्या नावाच्या खात्यात द्या. आणि किल्ली घेताना वीज मीटरच्या रीडिंगचा फोटो न काढणं, कारण मागच्या भाडेकरूचा एसी तुमच्या बिलात येतो.