सिद्धता तपासताना आकडा बदलून बघा

नाशिकला गंगापूर रोडच्या कॉलेजांतली बी.एस्सी.ची मुलं शिकवणीला येतात, तेव्हा पहिल्या वर्षाच्या वहीत हमखास दिसणारी सिद्धता अशी. विधान: n² सम असेल तर n सम असतो (n पूर्णांक).

```
n² = 2k.  समजा n = 2k.
मग n² = 4k² = 2(2k²), म्हणजे सम.
म्हणून n सम.
```

वाचताना सगळं बरोबर वाटतं, कारण प्रत्येक आकडेमोड बरोबर आहे. आधी चिन्हं पाहा. पहिल्या ओळीतला k आणि दुसरीतला k एकच का? n = 6 घेतला तर n² = 36, म्हणजे k = 18, पण दुसऱ्या ओळीप्रमाणे n = 36! तिथे नवं अक्षर हवं, n = 2m.

ते सुधारलं तरी खरी गोम उरतेच: ‘समजा n = 2m’ म्हणजे जे सिद्ध करायचं तेच गृहीत धरलं. मुलांना हे नुसतं सांगून पटत नाही. मग 2 च्या जागी सगळीकडे 4 घालायला सांगा. हाच युक्तिवाद आता ‘n² ला 4 ने भाग जातो, तर n लाही जातो’ हे ‘सिद्ध’ करतो. पण 36 ला 4 ने भाग जातो, 6 ला जात नाही. खोटं विधानही जिच्यातून निघतं, ती सिद्धता बाद.

दुरुस्ती सोपी आहे. n विषम माना, n = 2m + 1. मग n² = 2(2m² + 2m) + 1, म्हणजे विषम. त्यामुळे n² सम असताना n विषम असूच शकत नाही. इथे मात्र ‘पूर्णांक सम नसेल तर विषमच’ हे वापरलंय. ती ओळ समासात लिहून घ्या.