सौर पेटीचं गणित : 148 अंश दिसले म्हणून डाळ शिजत नाही

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला ज्यांनी पेटीचा सौर कुकर घेतलाय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. कुकर कसा बनवायचा ते सांगत बसत नाही. काळी पत्र्याची पेटी, भोवती काचलोकर, वर दोन काचा आणि झाकणाला आरसा, हे तुम्हाला माहीत आहे. मी ज्या खड्ड्यात पडलो तो खड्डा तुम्हाला दाखवायचाय. त्यात मी एकदा पडलो आणि बाहेर निघालो असं समजून, आठ महिन्यांनी गावासमोर पुन्हा पडलो.

एप्रिलमधलं जळगाव. प्रयोगशाळेच्या गच्चीवर पाय ठेवला की चप्पल चिकटायची. माझ्या पेटीचं काचेचं तोंड 50 बाय 50 सेंटिमीटर, म्हणजे पाव चौरस मीटर. पहिली चाचणी रिकाम्या पेटीची. आरशावर कापड टाकायचं, पेटी दुपारी 12 च्या आगेमागे उन्हात ठेवायची आणि तळाच्या काळ्या पत्र्याचं तापमान चढायचं थांबेपर्यंत दर पाच मिनिटांनी लिहीत राहायचं. ते जिथे थांबतं ते स्टॅग्नेशन तापमान. थांबतं याचा अर्थ आत येणारी आणि बाहेर जाणारी उष्णता सारखी झाली, बाकी काही नाही.

माझे आकडे असे आले : आडव्या पृष्ठभागावरचं ऊन चौरस मीटरला 900 वॅट, सावलीतली हवा 40 अंश, पत्रा 148 अंश. हवेपेक्षा 108 अंश जास्त. या 108 ला 900 ने भागलं की 0.12 येतात. हाच तो F1, पहिला गुणांक. 1987 साली आयआयटी दिल्लीच्या मल्लिक, कांडपाल आणि सक्सेना यांनी पेटी-कुकरची जी चाचणीपद्धत मांडली, तिच्यातला. पेटी बरी आहे की नाही हे एका आकड्यात सांगणारी अशी दुसरी गोष्ट मला तरी माहीत नाही.

आरशावर कापड का, हे एकदा नीट समजून घ्या. आरसा उघडा ठेवलात तर पेटीत 900 पेक्षा जास्त ऊन जातं, पण तुमचं यंत्र आडवं ठेवलेलं असल्यामुळे 900 च दाखवतं. F1 फुगतो आणि पेटी आहे त्यापेक्षा भारी वाटते. आमच्या आधीच्या एका बॅचच्या रिपोर्टात 0.19 लिहिलं होतं. सीनियरांचे रिपोर्ट वाचा, पण उतरवू नका. माझं हे मत जरा कडक आहे, पण त्याला कारण आहे.

आता याच आकड्यातून हिशोब काढू. एक काच साधारण 0.88 ऊन आत सोडते, म्हणजे दोन काचांतून 0.77 जातं. त्यातलं 0.93 काळा रंग शोषतो. हाती उरलं 0.72. पाव चौरस मीटरवर 900 वॅटने 225 वॅट पडतात, त्यातले 162 वॅट पत्र्याला मिळतात. स्टॅग्नेशनला हे सगळेच्या सगळे 162 वॅट बाहेर जातात, तेही 108 अंशांच्या फरकावर. म्हणजे फरकाच्या प्रत्येक अंशाला दीड वॅट गळती. पेटीचं सगळं चरित्र या दोन आकड्यांत आहे : 162 वॅट आवक, अंशाला दीड वॅट गळती.

मग पाण्याची चाचणी. चौरस मीटरला 8 किलो या हिशोबाने माझ्या पेटीला 2 किलो पाणी. ते 40 पासून 95 अंशांपर्यंत न्यायचं. 100 चा हट्ट धरू नका; उकळीच्या जवळ वेळेची नोंद बिनभरवशाची होते.

मी काय केलं? बारावीचं Q = mcΔT. दोन किलो पाणी, एका अंशाला 8372 ज्यूल, 55 अंश, भागिले 162 वॅट. उत्तर 47 मिनिटं. प्रत्यक्षात लागले दोन तास, एक मिनिट कमी.

इथे माझ्या मार्गदर्शकांनी जे सांगितलं ते आजही डोक्यात जातं. "प्रॅक्टिकलमध्ये असंच असतं. अडीचचा गुणक लाव, पुढे चल." माणूस चांगला होता, चहा पाजायचा, पण हा सल्ला विषारी होता. मी गुणक लावला, मार्क मिळाले, विषय संपला असं वाटलं.

संपला नव्हता. डिसेंबरात गावी, शिरपूरकडे, सुट्टीत पेटी घेऊन गेलो. एसटीत आरसा तडकला. तरी घाबरलो नाही, कारण गणित होतं ना! हवा 26 अंश, दुपारचं ऊन 650 वॅट. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य मध्यान्हीलाही पंचेचाळीस अंशांच्या आसपासच चढतो, त्यामुळे आडव्या काचेवर ऊन तिरपं पडतं. आवक 117 वॅट. दोन किलो पाणी 26 वरून 95 वर : 82 मिनिटं. गुणिले अडीच, जवळजवळ साडेतीन तास. दहाला ठेवलं, दीडला उकळेल असं सगळ्यांना सांगून ठेवलं. दीडला आळीतले पाचसहा जण जमले. पाणी 76 अंशांवर. माय दारातून विचारते, "पानी उकयनं का रे?" अडीच वाजले, तीन वाजले, ऊन उतरलं, पाणी ऐंशीच्या अलीकडेच घुटमळलं. शेवटी चुलीवर डाळ शिजली.

खड्डा हा आहे, आणि मी तो दोनदा सांगणार आहे. 162 वॅट ही पेटीची आवक आहे, पाण्याला मिळणारी उष्णता नाही. पाणी हवेइतकं असतं तेव्हा गळती जवळजवळ शून्य असते. ते 55 अंशांनी वर गेलं की गळती 82 वॅट होते आणि हातात उरतात जेमतेम 80. वर जाल तसं उरणारं कमी कमी होत जातं, आणि स्टॅग्नेशनला काहीच उरत नाही. म्हणून तुम्ही 95 पर्यंत किती अंश चढलात याला फार अर्थ नाही. 95 नंतर स्टॅग्नेशनपर्यंत किती अंश शिल्लक आहेत, ते वेळ ठरवतं. एप्रिलमध्ये 148 वजा 95, म्हणजे 53 अंश शिल्लक होते. डिसेंबरात स्टॅग्नेशन किती? 0.12 गुणिले 650 म्हणजे 78, अधिक हवा 26 : 104 अंश. शिल्लक फक्त 9. मी 104 हा आकडा काढलासुद्धा होता! 95 पेक्षा जास्त आहे ना, मग होईल, असं म्हणून पुढे गेलो.

बरोबर सूत्र असं :

```
t = F1·(m·c)/(A·F2) · ln[(Ts − T1)/(Ts − T2)]
```

Ts म्हणजे त्या दिवसाचं स्टॅग्नेशन, T1 आणि T2 पाण्याची सुरुवात आणि शेवट, A काचेचं क्षेत्रफळ. F2 हा दुसरा गुणांक : पत्र्याची उष्णता भांड्यातून पाण्यापर्यंत किती नीट पोचते ते तो सांगतो. तो अंदाजाने टाकू नका, स्वतःच्या पाण्याच्या चाचणीतून उलटा काढा. नुसती गळती धरली, पत्रा-भांडं-पाणी हा अडथळा सोडला, तर एप्रिलचे 47 मिनिटांचे 66 होतात. उरलेला फरक त्या अडथळ्याचा. माझ्या 119 मिनिटांवरून F2 आला 0.40, वाईट नाही. भांड्याचा तळ वाकडा असेल किंवा झाकण काळं केलेलं नसेल तर तो पडतो. पाणी कमी घेतलं तरी पडतो, म्हणून ज्या भारावर मोजलात त्याच्या जवळपासच वापरा.

लॉगला घाबरू नका. एप्रिलचे टप्पे पाडून पाहा : 40 ते 60 ला 34 मिनिटं, 60 ते 80 ला 43, आणि 80 ते 95 या पंधराच अंशांना 42. हे दिसलं की सूत्र पाठ करावं लागत नाही. आता तेच सूत्र डिसेंबरला लावा. लॉगच्या आत 78 भागिले 9. उत्तर सहा तास, तेही 650 वॅट सहाही तास टिकलं तर. आपल्याकडच्या डिसेंबरात ते टिकत नाही. म्हणजे त्या दिवशी पाणी उकळणं शक्यच नव्हतं, आणि हे मला दहा वाजताच कळायला हवं होतं. अडीचचा गुणक एप्रिलचा होता. जिथे शिल्लक अंश बदलतात तिथे तो मोडतो.

परीक्षक विचारतील म्हणून सांगतो : गळतीचा दीड वॅट खरं तर स्थिर नसतो, तापमानासोबत वाढतो. आपण तो 148 अंशांवर मोजला, त्यामुळे 80 अंशांवर गळती थोडी कमी असते. एवढी चूक चालते, फक्त ती आहे हे माहीत असू द्या. आणि दर वीस मिनिटांनी झाकण उघडून बघण्याची खोड असेल तर वरचं सगळं गणित विसरा. काचेला आतून वाफेचे थेंब दिसले तर झाकणाचं रबर आधी तपासा.

गावातल्या त्या दुपारनंतर मी वहीत तीन उपाय तपासले. पाणी निम्मं केलं तर? भार अर्धा होतो, पण F2 पडतो; माझ्या अंदाजाने 0.30 धरला तर चार तास. शिवाय 104 चं छत तसंच राहतं. गरम पाणी घालून सुरुवात केली तर? हा मायचा उपाय होता आणि मला तो सगळ्यात हुशारीचा वाटला होता. 26 ऐवजी 60 वरून सुरू केलं तर निम्मी चढण आयती मिळते. पण वेळ निम्मा होत नाही, सहाचे साधारण साडेचार तासच होतात, कारण वाचलेले अंश स्वस्तातले असतात आणि महाग अंश शिल्लकच राहतात.

तिसरा उपाय आरसा. समजा त्याने 650 चे 850 वॅट केले; हिवाळ्यातल्या खाली असलेल्या सूर्याला, उत्तरेकडे उभा केलेला आरसा तेवढं देऊ शकतो. छत 104 वरून 128 वर जातं, शिल्लक अंश 9 चे 33 होतात आणि सहा तासांचे सव्वातीनच्या आत येतात. तीस टक्के उन्हात वेळ निम्मा. जानेवारीत शिरपूरच्या बाजारातून नवा आरसा कापून आणला, या वेळी गोधडीत गुंडाळून. दहाला ठेवलेली डाळ पावणेदोनला उतरवली. फक्त या वेळी आळीत कोणाला आधी सांगितलं नव्हतं.